जाहिरात निघण्याआधीची नोकरी

चाकणच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटी विभागातला इंजिनिअर सोमवारी सकाळी राजीनाम्याचा मेल टाकतो. त्याचा नोटीस पिरियड साठ दिवसांचा असतो, कुठे नव्वद. त्याच्या साहेबाच्या डोक्याला त्याच दिवशी घोर लागतो, कारण पुढच्या महिन्यात ग्राहकाचं ऑडिट आहे आणि हा मुलगा गेला तर त्याचं काम कोण करणार? म्हणजे जागा त्या सोमवारीच रिकामी झालेली असते. फक्त ती बाहेर कोणाला दिसत नाही.

मग कंपनीचं कागदी काम सुरू होतं. साहेब माणूस मागण्याचा अर्ज भरतो, त्याला रिक्विझिशन म्हणतात. त्यावर प्लँट हेडची सही लागते, एचआरची लागते, फायनान्सची लागते. जागा भरायचीच का, की दोघांचं काम एकाच्या गळ्यात घालायचं, यावर एखादी बैठक होते. ग्रेड आणि पगाराची मर्यादा ठरते. त्यानंतरही जागा थेट बाजारात येत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ती आधी आतल्या लोकांसाठी जाहीर होते, मग कर्मचाऱ्यांना सांगितलं जातं की ओळखीचं कोणी असेल तर नाव द्या, मग ठरलेल्या कन्सल्टंटकडे जाते. नोकरीच्या पोर्टलवर तुम्हाआम्हाला दिसेपर्यंत महिना-दीड महिना सहज निघून गेलेला असतो. तोवर साहेबाच्या टेबलावर चार-सहा बायोडेटा आलेलेही असतात. आपण जाहिरात पाहून घाईघाईने अर्ज करतो तेव्हा आपल्याला वाटतं आपण पहिले; प्रत्यक्षात पंगत अर्धी उठलेली असते.

या मधल्या काळाच्या खुणा बाहेर अजिबात दिसतच नाहीत असं मात्र नाही. लिंक्डइन २००३ साली सुरू झालं, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि आज भारतात त्याचे दहा कोटींहून जास्त सदस्य आहेत. अमेरिकेनंतर सगळ्यात जास्त. बहुतेक लोक तिथे जातात ते जाहिराती पाहायला. पण जाहिरातींच्या पानापेक्षा कामाची गोष्ट शेजारीच असते: ज्यांना माणूस हवा आहे ती माणसं तिथे स्वतः लिहीत-बोलत असतात आणि त्यांच्या कंपन्या आपापल्या आनंदाच्या बातम्या टाकत असतात. ते नीट वाचता आलं तर जाहिरात निघण्याआधी अंदाज बांधता येतो. कसा, ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात रोज घडते अशीच आहे.

एक मुलगी आहे. मेकॅनिकल डिप्लोमा, मग डिग्री, भोसरी एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात चार वर्षं क्वालिटीमध्ये. तिला सप्लायर क्वालिटीत जायचं आहे, म्हणजे कंपनीला माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत जाऊन त्यांचा माल आणि त्यांची पद्धत तपासण्याच्या कामात. शक्यतो इलेक्ट्रिक गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत.

तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे यादी लहान ठेवली. अशा आठ कंपन्या निवडल्या आणि त्यांची पानं फॉलो केली. नुसतं फॉलो करून भागत नाही, कारण लिंक्डइन आपल्याला सगळं दाखवत नाही. त्याला जे रंजक वाटतं ते वर आणतं आणि बाकीचं बुडतं. फॉलो केल्यावर नावाशेजारी घंटेचं चिन्ह येतं. त्यावर टिचकी मारून All निवडलं की त्या पानावरच्या पोस्टची सूचना येते. आठ कंपन्यांपुरतं हे झेपतं. ऐंशी कंपन्यांसाठी केलं तर आठवड्याभरात माणूस कंटाळून सगळ्याच सूचना बंद करतो.

नोव्हेंबरात त्यांतल्या एका कंपनीच्या पानावर भूमिपूजनाचे फोटो आले. नारळ, कुदळ, हारतुरे, आणि खाली ओळ: दुसरा प्लँट, उत्पादन पुढच्या दिवाळीपर्यंत. त्या पोस्टखाली शेकडो लोकांनी अभिनंदन लिहिलं. तिने अभिनंदन लिहिलं नाही, वही काढली आणि उलटा हिशेब मांडला. दिवाळीत उत्पादन सुरू व्हायचं तर त्याआधी तीन-चार महिने पुरवठादारांच्या भागांना मंजुरी मिळालेली हवी. वाहन उद्योगात या मंजुरीला पीपीएपी म्हणतात. नमुने, मापं, प्रक्रियेचे कागद असं सगळं त्यात तपासलं जातं आणि ते एका फेरीत सहसा पार पडत नाही. त्याच्या आधी साचे तयार व्हायला हवेत, त्याच्याही आधी पुरवठादार निवडायला हवेत. म्हणजे पुरवठादारांकडे फेऱ्या मारणारी माणसं फेब्रुवारी-मार्चपासून लागणार. आणि ती माणसं कुठून तरी राजीनामा देऊन, दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड भरून येणार. याचा अर्थ त्या विभागाच्या साहेबाला डिसेंबर-जानेवारीतच माणसं शोधायला लागायला हवं.

नवा कारखाना उभा राहतो तेव्हा भरतीलाही एक क्रम असतो. आधी प्लँट हेड आणि प्रोजेक्टची माणसं, मग खरेदी आणि सप्लायर क्वालिटी, मग प्रोसेस आणि मेंटेनन्स, आणि सुपरवायझर-ऑपरेटर अगदी शेवटी, मशिनं बसत आली की. त्यामुळे एकाच भूमिपूजनाची बातमी सप्लायर क्वालिटीच्या इंजिनिअरसाठी आत्ताची असते, तर प्रॉडक्शन सुपरवायझरसाठी सहा-आठ महिन्यांनंतरची. बातमी कोणासाठी पिकली आहे आणि कोणासाठी अजून कच्ची, हे त्या धंद्यात काम केलेल्यालाच कळतं. म्हणून मला वाटतं, हे काम स्वतःच्या क्षेत्रातल्या मोजक्या कंपन्यांवरच करावं.

इथे एक अडसर असतो आणि तोच आपल्या उपयोगाचा आहे. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. नव्या जागांचे पैसे पुष्कळदा एप्रिलच्या बजेटमध्येच मंजूर होतात. साहेबाला माणूस जानेवारीत हवा असतो, कागद एप्रिलमध्ये मिळणार असतो. या तीन महिन्यांत तो जाहिरात काढू शकत नाही, पण ओळखीपाळखीत विचारत असतो, बायोडेटा जमवत असतो. याच काळात त्याच्यापर्यंत पोचायचं.

पण हा साहेब कोण? लोक इथे चुकतात. कोणी थेट कंपनीच्या मालकाला फॉलो करतं, कोणी एचआरच्या मंडळींना. एचआरकडे जागा येते ती अर्ज मंजूर झाल्यावर. त्यांच्या पोस्ट म्हणजे जवळपास जाहिरातच. मालकाला एका इंजिनिअरच्या जागेची कल्पनाही नसते. हवा असतो तो माणूस ज्याच्या हाताखाली आपण काम करणार, ज्याची झोप त्या रिकाम्या जागेमुळे उडाली आहे.

त्याला शोधायचं ते कंपनीच्या पानावरच्या People या भागात. तिथे कंपनीतल्या, लिंक्डइनवर असलेल्या लोकांची यादी असते आणि पदाच्या शब्दाने ती गाळता येते. आपल्या मुलीने तिथे supplier quality असं टाकलं आणि ठिकाण पुणे ठेवलं. पाच नावं आली: तीन इंजिनिअर, एक असिस्टंट मॅनेजर, एक डीजीएम. आपल्याकडच्या कारखान्यांत इंजिनिअर घ्यायचा निर्णय बहुधा मॅनेजर ते डीजीएम या पट्ट्यात होतो, असिस्टंट मॅनेजर पहिली मुलाखत घेतो. तिने या दोघांनाही फॉलो केलं. ओळख करून घेण्याची विनंती लगेच पाठवली नाही. फॉलो करायला समोरच्याची परवानगी लागत नाही. प्रोफाइलवर Follow दिसलं नाही तर More मध्ये असतं. मात्र आपण फॉलो केल्याची सूचना त्याला जाते, तेव्हा आपलं स्वतःचं प्रोफाइल आधी नीटनेटकं हवं. तो एकदा तरी डोकावणार.

आता खरी अडचण. डीजीएम साहेबांनी गेल्या वर्षभरात दोनच पोस्ट टाकलेल्या. एक दसऱ्याच्या शुभेच्छा, एक कंपनीला मिळालेल्या पुरस्काराची. कारखान्यातली वरिष्ठ मंडळी बहुतेक अशीच असतात. आयटीतल्या मॅनेजरांसारखी ती लिहीत नाहीत. इथे बरेच जण हात टेकतात. पण लिहीत नाहीत म्हणजे बोलत नाहीत असं नव्हे. प्रोफाइलवर Activity नावाचा भाग असतो, त्यात Comments वेगळ्या पाहता येतात. तिने त्या उघडल्या. डिसेंबरच्या मध्यावर साहेबांच्या एका जुन्या सहकाऱ्याने नोकरी गेल्याचं लिहिलं होतं, त्याखाली साहेबांनी दोनच शब्द टाकले होते: ‘सीव्ही पाठव.’ त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या तरी पोस्टखाली, डाय-कास्टिंगच्या पुरवठादारांचा अनुभव असलेला माणूस कोणी सुचवेल का, असं विचारलं होतं. कंपनीच्या जाहिरातींच्या पानावर त्या दिवशी सप्लायर क्वालिटीची एकही जागा नव्हती.

अशा दोन खुणा एकत्र आल्या की लक्ष द्यावं. एकट्या खुणेवर भरवसा ठेवू नये. जुन्या मित्राला धीर देण्यासाठीही माणूस सीव्ही मागतो.

याखेरीज एक शोध तिने रोज सकाळी ठेवला होता. शोधाच्या चौकटीत पुढचे शब्द टाकायचे, Posts निवडायचं, Date posted मध्ये Past 24 hours किंवा Past week घ्यायचं आणि Sort by मध्ये Latest.

```
"supplier quality" hiring pune
```

अवतरणचिन्हं महत्त्वाची, नाहीतर सप्लायर वेगळा आणि क्वालिटी वेगळी अशा हजारो पोस्ट येतात. लोक एकाच कामाला निरनिराळी नावं देतात. SQE, SQA, supplier development अशी तीन-चार रूपं करून पाहावीत. साहेब लोक टीमसाठी माणूस हवा असल्याची चार ओळींची पोस्ट टाकतात ती जाहिरातींच्या भागात येत नाही, कारण ती जाहिरात नसतेच. ती या शोधातच सापडते.

जानेवारीत तिसरी खूण आली. त्या पाचांतल्या एका इंजिनिअरने कंपनीचं ओळखपत्र हातात धरून निरोपाचा फोटो टाकला: आज माझा शेवटचा दिवस, सगळ्यांचे आभार. अशी पोस्ट दिसली की नवखा माणूस उडीच मारतो, जागा आज रिकामी झाली म्हणून. ती आज झालेली नसते. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर साहेबाला हे ऑक्टोबरपासून माहीत होतं. एवढ्या काळात त्याने बदली माणूस निवडलेला असण्याचीच शक्यता जास्त. निरोपाचा फोटो ही उशिरा मिळालेली बातमी आहे.

तरीही ती टाकाऊ नाही, आणि त्याचं कारण आपल्या नोकरीच्या बाजाराचा एक खास स्वभाव आहे. निवडलेला माणूससुद्धा कुठेतरी दोन-तीन महिन्यांची नोटीस भरत असतो. त्या काळात त्याची सध्याची कंपनी पगार वाढवून त्याला थांबवते, किंवा हातातलं ऑफर लेटर दाखवून तो तिसरीकडून जास्त पैसे मिळवतो. एचआरची माणसं याला ऑफर ड्रॉप म्हणतात आणि वैतागलेली असतात. रुजू होण्याच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत माणूस येत नाही, फोन बंद लागतो, आणि तीन महिने भरलेली समजलेली जागा एका क्षणात रिकामी होते. मंजुरी आधीच झालेली असते, पगाराचा आकडा ठरलेला असतो, साहेब हातघाईवर आलेला असतो. फॉलो करणाऱ्याला सगळ्यात मोठा फायदा मिळतो तो या क्षणी. इथे जाहिरात पुन्हा निघायच्या आत माणूस ठरूही शकतो.

हे बाहेरून कसं ओळखायचं? निरोपाच्या फोटोनंतर दोन-तीन आठवडे People मध्ये त्या पदावर नवं नाव येतं का ते पाहायचं. नवा माणूस रुजू झाला की बहुधा स्वतःच मोठ्या आनंदाने ते जाहीर करतो. नाव आलं नाही, आणि त्याच टीममधल्या कोणाच्या पोस्टमध्ये immediate joiner असे शब्द दिसले, तर काहीतरी फिसकटलं आहे असं समजायला हरकत नाही.

आपल्या मुलीला नवं नाव दिसलं नाही. आता तिने लिंक्डइन बाजूला ठेवलं आणि फोन उचलला, आणि मला वाटतं या सगळ्यातली सर्वांत शहाणपणाची पायरी हीच होती. तिच्याच कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी गेलेला एक सहकारी त्या कंपनीत स्टोअर्सला होता.

“दादा, तुमच्याकडे सप्लायर क्वालिटीत जागा आहे का हो? एक जण गेलेला दिसला.”

“अगं, गेला तो गेलाच, पण त्याच्या जागी घेतलेला पोरगा आलाच नाही. साहेब परवापासून तापलेत. तू कशी बघितलीस? अजून तर कुठे टाकलं पण नाही.”

या फोनची गरज का लागावी, यामागे बरीच जुनी विद्या आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की ही नोकरी तुम्हाला कळली कशी. निम्म्याहून जास्त जणांनी सांगितलं, ओळखीतून. पण ती ओळख जिवलग मित्रांची नव्हती. ज्यांची अधूनमधून किंवा क्वचितच भेट होते अशांचीच बहुतेक होती. कारण जवळच्या मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २०२२ साली सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही नोकरी बदलायला मध्यम-विरळ ओळखी जास्त उपयोगी पडतात असं दिसलं. मात्र त्यात एक बारकावा होता, तो आपल्यासाठी मोलाचा. संगणकावर चालणाऱ्या कामांच्या क्षेत्रात विरळ ओळखींचा जोर जास्त. जिथे डिजिटल काम कमी, अशा उद्योगांत जवळच्या ओळखी जास्त कामाला येतात.

म्हणजे हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मॅनेजरला अनोळखी मुलाने चांगला निरोप पाठवला तर तो पुरेसा ठरू शकतो. चाकणच्या कारखान्यात नुसत्या निरोपावर गाडी पुढे सरकेल याची खात्री नाही. तिथे फॉलो करण्याने बातमी मिळते, शब्द मात्र ओळखीच्या माणसाने टाकावा लागतो. कारखान्याच्या क्षेत्रातले लोक लिंक्डइनचा काही उपयोग नाही म्हणतात तेव्हा त्यांनी बहुधा हा दुसरा भाग सोडून दिलेला असतो.

दुसऱ्या दिवशी तिने डीजीएमना ओळखीची विनंती पाठवली. मोफत खात्यातून विनंतीसोबत चिठ्ठी जोडता येते, पण ती जेमतेम २०० अक्षरांची, आणि अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात. त्यामुळे ‘आदरणीय महोदय, मी आपल्या नामांकित कंपनीत’ वगैरेला जागाच नाही. समोरचा मराठी असला तरी कारखान्यात पहिला निरोप इंग्रजीतच जातो. तिच्या निरोपाचा मतलब एवढाच होता: मी चार वर्षं क्वालिटीत आहे, त्यांतली दोन वर्षं डाय-कास्टिंगच्या तीन पुरवठादारांचा परत येणारा माल माझ्याकडे होता, आपल्या नव्या प्लँटच्या कामात उपयोग असेल तर बोलायला आवडेल, नोटीस साठ दिवस.

यात तिने तीन गोष्टी केल्या. डाय-कास्टिंगचा उल्लेख केला, कारण साहेबांनी तेच विचारलं होतं. मात्र आपण त्यांच्या कॉमेंट वाचल्या हे लिहिलं नाही, ते कोणालाही विचित्र वाटतं. आतला मुलगा आला नाही हे तिला ठाऊक होतं, तेही लिहिलं नाही. नाहीतर फोनवर सांगणाऱ्या दादाची पंचाईत झाली असती. आणि नोटीसचे दिवस स्वतःहून सांगितले. अडलेल्या साहेबाचा पहिला प्रश्न तोच असतो.

अर्ज मात्र तिने अजून कुठेच टाकला नाही. यामागेही कारण आहे. बऱ्याच कंपन्यांच्या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्याचा बायोडेटा एकदा थेट आला की पुढचे काही महिने तोच माणूस कर्मचाऱ्याच्या शिफारशीने आलेला धरत नाहीत. शिफारस करणाऱ्याला मिळणारं बक्षीस जातं आणि शिफारशीचं वजनही जातं. म्हणून आधी दादाला त्याच्या पोर्टलवरून नाव टाकू द्यायचं आणि आपला अर्ज त्याच्या दुव्यावरून भरायचा. घाईने कंपनीच्या संकेतस्थळावर बायोडेटा टाकून ठेवणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

पाच दिवसांनी एचआरचा फोन आला. असिस्टंट मॅनेजरशी व्हिडिओवर बोलणं झालं, मग शनिवारी प्लँटमध्ये मुलाखत. तिथे तिच्यासमोर एका नाकारलेल्या कास्टिंगचा फोटो ठेवून विचारलं गेलं की पुरवठादाराकडे गेल्यावर आधी काय पाहशील. इथून पुढे लिंक्डइनचा संबंध संपला. उत्तर यायला हवं होतं आणि ते तिला आलं. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या जागेची जाहिरात निघाली ती या मुलाखतीनंतर दीड आठवड्याने. नियमाप्रमाणे काढावी लागते म्हणून काढली.

आता या पद्धतीतले धोके.

पहिला आपल्याच घरचा. आपण ज्या कंपन्या फॉलो करतो त्या आपल्या प्रोफाइलवर Interests मध्ये दिसतात. सध्याच्या साहेबाने सहज पाहिलं आणि तिथे आठही स्पर्धक एका रांगेत दिसले तर त्याला अर्थ कळायला वेळ लागत नाही. मधे मधे ग्राहक कंपन्या, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या, व्यावसायिक संस्था असल्या म्हणजे यादी स्वाभाविक दिसते. प्रोफाइल दुरुस्त करण्याआधी सेटिंगमधली बदल सगळ्यांना कळवण्याची सोय बंद करावी. आणि Open to work हा पर्याय फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असा ठेवला तरी आपल्या कंपनीच्या भरतीवाल्यांपासून तो शंभर टक्के लपेल याची हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही.

दुसरा धोका खोट्या पोस्टचा. ‘पन्नास जागा, आवड असेल त्यांनी खाली Interested लिहा’ अशी पोस्ट दिसली की हजारो लोक लिहितात. खरा साहेब असं कधी करत नाही. हजार बायोडेटा वाचायला त्याला वेळ नसतो. अशा पोस्ट बहुतेक वेळा लिहिणाऱ्याची प्रसिद्धी वाढवण्यासाठी असतात. पोस्ट खरी आहे का हे तपासायला दोन मिनिटं लागतात: लिहिणारा त्या कंपनीच्या People मध्ये आहे का, त्याच कंपनीतल्या इतर लोकांनी त्याच्याशी कधी बोललेलं आहे का, आणि तो बायोडेटा कंपनीच्या मेलवर मागतोय की साध्या जीमेलवर. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले तर तिथेच थांबावं. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावं. जितक्या लवकर तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आणि काही जागांसाठी ही पद्धत लागूच पडत नाही. सरकारी नोकऱ्या, सरकारी बँका, महामंडळं यांची भरती जाहिरातीनेच होते, तिथे कोणाला फॉलो करून काही आधी मिळत नाही आणि मिळू नये. दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपचा मालक लिंक्डइनवर नसतो. त्याची भरती व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि गेटवरच्या पाटीवर होते. मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशर मुलांना कॉलेजांतून आणि परीक्षा घेऊन घोळक्याने घेतात, तिथे एकट्या मॅनेजरच्या हातात काही नसतं. ही पद्धत चालते ती दोन-चार वर्षांपासून पुढच्या अनुभवाच्या जागांना, जिथे एक साहेब एक माणूस निवडतो.

तिच्या आठांच्या यादीत आणखी एक कंपनी होती, तिचंही भूमिपूजन त्याच हिवाळ्यात झालं होतं. तळेगावजवळ. खुणा सुरुवातीला सारख्याच: फोटो, नवा प्रोजेक्ट हेड, उत्पादनाची तारीख. फेब्रुवारीनंतर मात्र पानावर प्लँटचा एकही फोटो आला नाही. आधी दर पंधरा दिवसांनी येत होता, खांब उभे राहिले, पत्रे चढले असा. मार्चमध्ये नुकत्याच आलेल्या प्रोजेक्ट हेडच्या प्रोफाइलवर दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसलं. त्या कंपनीत कोणी ओळखीचं नव्हतं, विचारायला जागा नव्हती. पण प्रकल्पाचा मुख्य माणूसच सहा महिन्यांच्या आत निघून जातो तेव्हा प्रकल्प पुढे ढकलला गेला असण्याचीच शक्यता जास्त असते. कंपन्या भूमिपूजन जाहीर करतात, काम थांबल्याचं पानावर कधी लिहीत नाहीत. तिने त्या पानाची घंटा बंद केली आणि ती जागा रांजणगावच्या एका कंपनीला दिली, जिच्या पानावर आठवड्यापूर्वी नव्या खरेदी प्रमुखाच्या स्वागताची पोस्ट आली होती.